‘ओळख पाहू मी कोण?’ : घरचा फोन आणि आठ वर्षांची पुतणी

(या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नाही, बसमध्ये इअरफोन विसरलो, असं म्हणणाऱ्यांसाठी.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, अरे, लँडलाईन? ती तर संपली ना? मलाही तेच वाटायचं. पण दादाच्या घरी, इंदिरानगरला, गेल्या वर्षी फायबर इंटरनेट घेतलं आणि त्या मोडेमला मागे फोनची पिन लावायची जागा निघाली. नंबर प्लॅनसोबतच आलेला होता. दादाने जुना वायरवाला फोन माळ्यावरून काढला, पुसला, जोडला आणि तो वाजायला लागला. कारण साधं होतं. पुतणी तिसरीत आहे, दुपारी पाऊणला शाळेतून येते. दादा अंबडला कंपनीत आणि वहिनीसुद्धा नोकरीला, दोघं संध्याकाळी सहा-साडेसहाला येतात. घरी आई, म्हणजे पुतणीची आजी. आजीचा मोबाईल एकतर चार्ज नसतो, नाहीतर उशीखाली असतो. आणि पुतणीच्या हातात इतक्यात मोबाईल द्यायचा नाही, यावर नवरा-बायकोचं दुर्मिळ एकमत आहे.

पुतणीला आपण चिऊ म्हणू. तिचं खरं नाव इथे सांगत नाही. का, ते पुढे कळेल.

तर झालं असं. मी त्या दिवशी तिथूनच काम करत होतो, आतल्या खोलीत. बाहेर फोन वाजला, चिऊने उचलला. माझ्या कानावर पडलं ते असं.

‘हॅलो, नमस्कार. … हो काका. … नाही काका, बाबा नाहीयेत. … आईपण नाहीये, ती साडेसहाला येते. … आजी आहे, पण ती झोपलीये. … हो, तीच बिल्डिंग, दुधाच्या दुकानासमोरची. … तिसरीत. … ओके काका, बाय.’

आवाज गोड, प्रत्येक वाक्याला ‘काका’, मध्ये कुठे तोडलं नाही, उलट उत्तर नाही. शाळेत शिष्टाचाराचे मार्क असते तर दहापैकी दहा. आणि पाऊण मिनिटात एका अनोळखी माणसाला कळलं होतं की घरी एक लहान मुलगी आहे, सोबत एक झोपलेली म्हातारी बाई आहे, साडेसहापर्यंत तिसरं कुणी येणार नाही, आणि घर कुठे आहे.

फोन पाणी शुद्ध करायचं मशीन विकणाऱ्याचा निघाला. संध्याकाळी त्याने पुन्हा केला, दादाने नको सांगितलं, विषय संपला. पण मी तिला विचारलं, ‘अगं, एवढं सगळं कशाला सांगितलंस?’ ती म्हणाली, ‘त्यांनी विचारलं ना.’

या तीन शब्दांवरच आजचा सगळा भाग आहे. आपण मुलांना काय शिकवतो? मोठ्यांनी विचारलं की नीट उत्तर द्यायचं. पाहुणे आले, नाव विचारलं, सांगितलं पाहिजे. कितवीत आहेस, सांग. गाणं म्हणून दाखव, दाखव. उत्तर देणं म्हणजेच नम्रता, अशी त्यांच्या डोक्यात गाठ बसलेली असते, आणि ती आपणच मारलेली असते. मग ‘अनोळखी माणसाला काही सांगायचं नाही’ असं नुसतं बजावलं की मूल दुसऱ्या टोकाला जातं. दुसऱ्या दिवशी चिऊने तेच केलं. फोन उचलला, ‘कोण आहे? नाही सांगणार!’ म्हणाली आणि आपटला. पलीकडे आमच्या सिन्नरच्या आत्या होत्या. त्या प्रकरणाकडे मी येतोच.

म्हणजे शिकवायचं काय, तर नम्रता सगळ्यांना द्यायची आणि माहिती फक्त ओळखीच्यांना. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आणि त्यासाठी मुलाकडे नकार देणारी नम्र वाक्यं तयार पाहिजेत. मोठ्या माणसाने प्रश्न विचारला आणि जिभेवर तयार वाक्य नसलं की मूल खरं ते बोलून मोकळं होतं.

आम्ही चिऊबरोबर महिनाभर हे बसवलं. त्यातलं जे चाललं आणि जे फसलं, ते सांगतो.

सुरुवात पहिल्या शब्दापासून. ‘हॅलो’ म्हणावं की ‘नमस्कार’? या ‘हॅलो’चं श्रेय एडिसनला देतात. १८७७ साली त्याने तो शब्द सुचवला. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलला स्वतःला ‘अहॉय’ हवं होतं, ते कुणी घेतलं नाही. आपल्याकडे २०२२च्या ऑक्टोबरात राज्य सरकारने कर्मचाऱ्यांना फोनवर हॅलोऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणा असं परिपत्रक काढलं होतं, तेव्हा यावर टीव्हीवर बरीच हाणामारी झाली. घरात कुणाचं ‘राम राम’, कुणाचं ‘जय भीम’, कुणाचं ‘जय महाराष्ट्र’. आम्ही ठरवलं ‘हॅलो, नमस्कार’, आणि समोरचा जे म्हणेल तेच त्याला परत. कुणी ‘राम राम’ म्हणालं तर ‘राम राम’. यात मुलाला विचार करावा लागत नाही आणि समोरच्याला बरं वाटतं.

पण त्या आधीची एक गोष्ट. फोन वाजल्या वाजल्या धावत जाऊन उचलायचा नाही. आपल्याकडे घंटी ‘ट्रिंग-ट्रिंग’ अशी जोडीने वाजते, मग थोडी थांबते, पुन्हा जोडी. एक फेरी साधारण तीन सेकंदांची. दोन जोड्या वाजू द्यायच्या, तोवर पडद्यावरचा नंबर बघायचा, मग उचलायचा. आईबाबांचे नंबर तिला पाठ आहेत, त्यामुळे ओळखीचं की अनोळखी हे उचलण्याआधीच ठरतं. १४०ने सुरू होणारा नंबर दिसला तर तो जाहिरातीचा, उचलायचाच नाही. बाकी नंबरांवरून फार काही ठरवता येत नाही, मोठ्यांनाही येत नाही, तेव्हा मुलावर ते ओझं नको.

आता खरा घोळ. लोक फोन करतात आणि पहिला प्रश्न काय विचारतात? ‘कोण बोलतंय?’ अरे, फोन तू केलास! पण आपल्याकडे ही सवय आहे. आणि मूल लगेच नाव सांगतं. पूर्ण नाव, आडनावासकट, कारण शाळेत तसंच सांगायला शिकवलेलं असतं. म्हणून चिऊचं पहिलं तयार वाक्य हे : ‘आपल्याला कोणाशी बोलायचंय?’

या वाक्यावर आमचे तीन दिवस गेले. आधी ती म्हणायची, ‘तुला कोण पाहिजे?’ मग ‘तुम्हाला कोण पाहिजे?’ ‘कोण पाहिजे’ म्हटलं की दारावरच्या माणसाला हटकल्यासारखं वाटतं. ‘कोणाशी बोलायचंय’ म्हटलं की तेच मऊ होतं. आणि ‘आपल्याला’ हा शब्द तिच्या तोंडात नव्हताच. मराठी मुलं हल्ली ‘आपण’ फक्त ‘आपण खेळूया’मध्ये वापरतात. तो मान देण्याचाही शब्द आहे, हे तिला आजीने सांगितलं. आजी तिच्या लहानपणी पोस्टमनशीसुद्धा तसं बोलायची म्हणे.

हेच वाक्य राँग नंबरलाही चालतं. लोक विचारतात, ‘हा कुठला नंबर आहे?’ आपला नंबर वाचून दाखवायचा नाही. ‘आपल्याला कोणता नंबर हवाय?’ त्याने सांगितला आणि जुळला नाही, तर ‘राँग नंबर लागलाय, नमस्कार’. संपलं.

पुढचं वाक्य माझं सगळ्यात आवडतं. माणूस म्हणाला, ‘बाबांना दे.’ बाबा तर अंबडला. ‘बाबा नाहीयेत’ म्हणायचं नाही, ते ठरलं. मग? मी तिला सांगितलं, म्हण, ‘बाबा अंघोळीला गेलेत.’ आपण सगळ्यांनी लहानपणी हेच ऐकलंय ना? चिऊने माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळलो. ‘काका, पण ते खोटं आहे.’ आणि तिचं बरोबर होतं. एकतर खोटं बोलायला शिकवणं वाईट. दुसरं म्हणजे ते टिकत नाही. माणूस म्हणतो, ‘बरं, थांबतो मी, येऊ दे बाहेर.’ मग मुलाला दुसरं खोटं सुचावं लागतं, ते सुचत नाही, आणि बिंग फुटतं.

तोडगा आजीने काढला. ‘बाबा कामात आहेत, म्हण की.’ बघा हं, ‘कामावर गेलेत’ म्हटलं तर घरी नाहीत हे कळतं. ‘कामात आहेत’ म्हटलं तर? ते अंबडला असोत, गच्चीवर असोत, पलीकडच्या खोलीत असोत, वाक्य खरंच राहतं. एका अक्षराचा फरक. इतकं सोपं वाक्य माझ्या इंजिनिअर डोक्यातून निघालं नाही.

आजी झोपलेली असेल तर मात्र चिऊ अडली. ‘आजी कुठे कामात आहे? ती घोरतेय.’ मग तिनेच सुचवलं, ‘आजी आत्ता फोनवर येऊ शकत नाही.’ हेही खरं. का येऊ शकत नाही, ते सांगायचं कारण नाही. आणि त्याला जोडूनच लगेच पुढचा अर्धा भाग म्हणायचा, ‘निरोप सांगता का?’ मध्ये श्वास घ्यायचा नाही. कारण मध्ये जागा सोडली की समोरचा त्या जागेत प्रश्न टाकतो, ‘का बरं? बरी नाही का? मग घरी कोण आहे?’ दोन्ही मिळून एकच वाक्य केलं की समोरचा निरोपाच्या विचारात पडतो.

निरोप. इथे एक अशी अडचण आली जी मला अजिबात अपेक्षित नव्हती. फोनशेजारी वही आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल ठेवली. मी पलीकडच्या गल्लीतून फोन केला आणि माझा नंबर सांगितला, जसा आपण सांगतो तसा, दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांत. अठ्ठ्याण्णव, एकोणऐंशी, त्र्याऐंशी वगैरे. घरी येऊन वही बघितली तर त्या नंबरावर फोन केला असता तर कोण उचलेल देव जाणे.

चुका मात्र मजेशीर होत्या, म्हणजे नीट बघितल्या तर नियमाने झालेल्या. ‘त्र्याऐंशी’ ऐकलं, आधी तीन ऐकू येतो, म्हणून तिने ३८ लिहिलं. मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, लिहितो मात्र उलट. ‘एकोणऐंशी’ त्याहून वाईट. ऐंशीला एक उणा म्हणून एकोणऐंशी, पण कानावर पडतो ‘ऐंशी’, तेव्हा तिने आठाने सुरुवात केली, मग अडकली, आणि ८१ लिहिलं. तोवर पुढच्या दोन जोड्या निघून गेल्या. त्यात ती सेमी इंग्रजीत, गणित इंग्रजीत. तिच्या डोक्यात ते ‘सेव्हन्टी नाईन’ आहे.

तुम्हाला आठवत असेल, २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टला ‘साठ तीन’ अशी वाचायची पद्धत आली होती आणि महाराष्ट्रभर विनोद झाले होते. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या आणि त्यांचं म्हणणं हेच होतं की मुलांना बोललेला आणि लिहिलेला आकडा उलटा पडतो. तेव्हा मीही ते विनोद फॉरवर्ड केले होते. चिऊची वही बघून जरा गप्प झालो.

फोनपुरता उपाय असा. तिचं तयार वाक्य, ‘एक-एक आकडा सांगाल का, मी लिहून घेते.’ लोक लगेच ऐकतात, लहान मूल आहे म्हणून हळूही बोलतात. मग तिने तो एक-एक आकडा परत वाचून दाखवायचा. ‘डबल सात’ म्हणजे दोन सात, हे वेगळं शिकवावं लागलं, पहिल्यांदा तिने २७ लिहिलं होतं. शेवटी दहा आकडे झाले का ते बोटाने मोजायचं. नऊच भरले तर ‘एक राहिला वाटतं, पुन्हा सांगता का?’ हे वाक्य तर मी ऑफिसमध्येसुद्धा वापरायला लागलोय.

आता बोलण्याच्या बाहेरच्या दोन खोड्या. व्हिडिओ कॉलवर वाढलेली मुलं आहेत ही. चिऊ फोनवर मान हलवायची. समोरचा ‘हॅलो? हॅलो?’ करतोय आणि ही होकारार्थी मान डोलावतेय. त्यावर औषध म्हणजे सराव, दुसरं काही नाही. आणि दुसरी खोड जास्त महत्त्वाची. आत कुणाला बोलवायचं असलं की रिसीव्हर तोंडाजवळच धरून, ‘आजीऽऽ! कुणीतरी माणूस आहे! मी काय सांगू?’ सगळं पलीकडे ऐकू जातं. रिसीव्हरवर हात ठेवायचा हे सिनेमात दिसतं तेवढं उपयोगाचं नाही, लहान तळव्याने आवाज पूर्ण बंद होत नाही. आमच्या फोनला म्यूटचं बटण आहे, त्यावर लाल टिकली लावली. आजीची टिकली, अर्थातच. ‘एक मिनिट थांबता का’ म्हणायचं, टिकली दाबायची, चालत जायचं, ओरडायचं नाही. तुमच्या फोनला बटण नसेल तर रिसीव्हर उशीवर पालथा ठेवा.

आता आत्या.

आपल्या माणसांचा एक लाडका खेळ आहे. फोन करायचा आणि म्हणायचं, ‘ओळख पाहू मी कोण?’ सगळ्या मामा, मावश्या, आत्या हे करतात. प्रेमाने करतात. मूल मग नावं घ्यायला लागतं. ‘मामा? … पुण्याचे काका? … सुनील अंकल?’ आणि समोरचा एखाद्या नावाला ‘हांऽऽ, बरोब्बर!’ म्हणतो.

हा खेळ एखाद्या ठगाच्या तोंडी घालून बघा. त्याला आपल्याबद्दल काहीच माहीत नाही. त्याने फक्त एक वाक्य टाकलं, ‘ओळख पाहू’. मुलाने त्याला नातेवाइकांची यादी दिली आणि त्यातलं एक नाव त्याने उचललं. आता तो ‘पुण्याचा काका’ आहे. पुढे तो म्हणतो, ‘अगं, आजीच्या मोबाईलवर एक मेसेज आलाय बघ, त्यातला आकडा वाच.’ तो आकडा म्हणजे ओटीपी. अनोळखी माणसाला काही सांगायचं नाही हे मुलाला पक्कं पाठ असलं तरी उपयोग नाही, कारण त्याच्या लेखी तो माणूस आता अनोळखी राहिलेलाच नाही. त्याची ओळख मुलानेच करून दिलीय. मोठ्यांना असेच फोन येतात आणि मोठे फसतात, ‘काय, ओळखलं नाहीस ना? विसरलास ना मित्राला?’ असं म्हटल्यावर आपणच संकोचून नाव सुचवतो.

म्हणून चिऊचा एकमेव कडक नियम, नाव आपण सुचवायचं नाही. वाक्य असं, ‘आवाज ओळखू आला नाही, आपलं नाव सांगता का?’ आणि मोबाईलवरचा मेसेज फोनवर कुणालाच वाचून दाखवायचा नाही. मला नाही, बाबांनाही नाही. ‘बाबांना सोडून’ असा अपवाद ठेवला की तोतया बाबा यायची सोय झाली.

हा नियम शिकवल्यानंतर आठवड्याने सिन्नरच्या आत्यांचा पुन्हा फोन आला. आधीच्या वेळी फोन आपटलेला, त्याची माफी दादाने मागून झाली होती. आत्या म्हणाल्या, ‘ओळख पाहू मी कोण?’ चिऊ म्हणाली, ‘आवाज ओळखू आला नाही, आपलं नाव सांगता का?’ आत्या म्हणाल्या, ‘अगं, आत्या मी!’ चिऊ म्हणाली, ‘आत्या, नाव सांगता का?’ झालं! त्यांचं म्हणणं, दादाच्या लग्नात मी पंधरा दिवस राबले आणि ही पोरगी मला नाव विचारते.

आईने समजूत काढली, पण मला त्यातून एक कळलं, की मुलाला शिकवून अर्धंच काम होतं. घरच्या मोठ्यांना सांगावं लागतं की बाबांनो, तुम्ही फोन केलात की आधी स्वतःचं नाव सांगा, ‘ओळख पाहू’ बंद. दादाने घरच्या ग्रुपवर तसं टाकलं. दोघांनी अंगठा दिला. आत्यांनी तो मेसेज अजून वाचलेला नाही, दोन निळ्या रेघा आलेल्या नाहीत.

सगळ्यात अवघड काय गेलं सांगू? ठेवणं. फोन ठेवणं. चिवट माणूस असतो, ‘पण आई कधी येणार ते तरी सांग, बेटा.’ मोठं माणूस बोलत असताना फोन ठेवायचा म्हणजे तिच्या अंगावर काटा येतो. आम्ही तिला मोजमाप दिलं. एकच गोष्ट दुसऱ्यांदा विचारली की ‘मी बाबांना निरोप देते. ठेवते हं, नमस्कार,’ म्हणायचं आणि ठेवायचा. उत्तराची वाट बघायची नाही. ‘ठेवते हं’ हे फार चांगलं मराठी वाक्य आहे, ते परवानगी मागितल्यासारखं ऐकू येतं पण ती मागत नाही. आणि समोरचा ओरडला, घाणेरडं बोलला, किंवा ‘हे कुणाला सांगू नकोस’ म्हणाला, तर ‘ठेवते हं’सुद्धा नाही. सरळ ठेवायचा, आजीला उठवायचं. झोपमोड झाली म्हणून आजी रागावणार नाही, हे आजीच्या तोंडून तिच्यासमोर वदवून घेतलं. ते गरजेचं होतं, कारण आजीला उठवायचं नाही हा त्या घरातला त्याआधीचा सर्वात मोठा नियम होता.

सराव कसा केला? पहिले चार दिवस दोन रिकामे रिसीव्हर, म्हणजे एक खरा आणि एक टीव्हीचा रिमोट. पाठीला पाठ लावून बसायचं, म्हणजे मान हलवलेली दिसत नाही. नंतर मी बाहेरून खरा फोन करायचो. मग माझे मित्र, अनोळखी नंबरांवरून, आठवड्याला दोन-तीन. एक कुरिअरवाला झाला, एक बँकवाला, एक ‘बाबांचा शाळेतला मित्र’. तिला फक्त एवढं माहीत होतं की कधीतरी परीक्षेचा फोन येईल, कुठला ते नाही. प्रत्येक फोननंतर रागावणं नाही, फक्त ‘त्या माणसाला आता आपल्या घराबद्दल काय काय माहीत झालं, सांग बरं’ हा एकच प्रश्न. पहिल्या आठवड्यात ती पाच-सहा गोष्टी मोजायची. हळूहळू ‘माझा आवाज लहान मुलीचा आहे, एवढंच’ इथपर्यंत आली. ते लपवता येत नाही, लपवायचंही नाही.

एक तांत्रिक गोष्ट सांगून टाकतो, कारण आम्ही तिथे आपटलो. फोनशेजारी आईबाबांचे नंबर मोठ्या अक्षरांत चिकटवले होते. एके दिवशी आजीला चक्कर आली, चिऊने दादाचे दहा आकडे लावले आणि आतून बाई काहीतरी बोलायला लागली. लँडलाईनवरून मोबाईलला लावताना आधी शून्य लावावा लागतो, १५ जानेवारी २०२१पासून. आम्हाला माहीत होतं, चिठ्ठीला माहीत नव्हतं. सुदैवाने चक्कर साधी होती, लिंबूपाण्यावर भागलं. आता चिठ्ठीवर शून्यासकट नंबर आहेत, खाली ११२. आणि हो, पूर्वी तांब्याच्या तारेवरचा फोन लाईट गेली तरी चालायचा, त्याला वीज एक्स्चेंजमधून यायची. फायबरचा फोन मोडेमबरोबरच मरतो. दादाने मोडेमला छोटा बॅकअप लावलाय. तुमच्याकडे नसेल तर लाईट गेल्यावर शेजारच्या कुठल्या दारावर जायचं ते मुलाला माहीत असू दे.

तर, मागच्या शनिवारची गोष्ट. शेवटची परीक्षा म्हणून मीच फोन केला, मित्राच्या मोबाईलवरून, तोंडावर रुमाल धरून, आवाज जाड करून.

‘हॅलो, नमस्कार.’
‘कोण बोलतंय?’
‘आपल्याला कोणाशी बोलायचंय?’
‘बाबा आहेत का घरी?’
‘बाबा कामात आहेत, निरोप सांगता का?’
‘मी त्यांचा जुना मित्र. ओळख पाहू?’
‘आवाज ओळखू आला नाही, आपलं नाव सांगता का?’
‘नाव राहू दे. आई किती वाजता येते?’
‘निरोप सांगता का?’
‘आई कधी येते, ते सांग ना बेटा.’
‘मी बाबांना निरोप देते. ठेवते हं, नमस्कार.’

कट. मी रस्त्यावर उभ्या उभ्या टाळ्या वाजवल्या, मित्र माझ्याकडे बघत राहिला. संध्याकाळी दादाकडे गेलो तर वहीत निरोप लिहिलेला होता, पेन्सिलीने, तारखेसकट :

‘बाबा, एकाचा फोन आला होता. नाव नाही सांगितलं. नंबर पडद्यावरून लिहिला आहे. काकासारखे खोकत होते.’